फोन एक, मुलं दोन: भांडण मिटवताना आईबाबांनी नेमकं काय करायचं

एका फोनवरून होणारी भावंडांची भांडणं वरवर मिनिटांची वाटतात. 'तिला चाळीस मिळाली, मला तीसच.' जवळून पाहिलं तर बहुतेक वेळा वाद फोन हातातून जातो त्या क्षणाचा असतो. एकाचा खेळ अर्धवट असतो, दुसऱ्याचं घड्याळ सुरू झालेलं असतं, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून वेळेची समान वाटणी करूनही भांडण थांबत नाही. थांबवायचं असेल तर फोन एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, हे आधी नीट बसवावं लागतं.

पुढे एकच उदाहरण घेऊन सगळे टप्पे पाहू. मोठी मुलगी तेरा वर्षांची, धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. फोन आईचा, तो मुलांना संध्याकाळी साडेसहा ते आठ मिळतो. आधी धाकट्याची वेळ, सात वाजता ताईची. सातला त्याची मॅच चालू होती. 'फक्त ही संपू दे' असं म्हणत सात वाजून आठ मिनिटं झाली. ताईनं फोन ओढला, तो मॅच हरला, त्यानं तिच्या पाठीत गुद्दा घातला आणि दोघंही आईच्या नावानं ओरडली.

पहिली पाच मिनिटं

खोलीत गेल्यावर फोन आपल्या हातात घ्या, स्क्रीन बंद करा आणि मुलांना दिसेल पण हात पोचणार नाही अशा उंच जागी ठेवा. मोठ्यानं सांगा: 'सात वाजून नऊ मिनिटं झालीत. घड्याळ इथं थांबलं. कुणाचीही मिनिटं बुडणार नाहीत.' हे वाक्य महत्त्वाचं आहे. भांडणातल्या प्रत्येक सेकंदाला आपला वेळ चाललाय असं ताईला वाटत असतं आणि तिचा अर्धा आरडाओरडा त्यासाठीच असतो.

कुणाला लागलंय का ते पाहा. मारल्याचा विषय वेगळा ठेवा: 'गुद्द्याबद्दल मी तुझ्याशी नंतर एकट्याशी बोलणार आहे.' तो विसरून जायचा नाही, पण फोनच्या वाटणीत मिसळायचाही नाही. मिसळला तर दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन बसायच्या बैठकीत एक आरोपी आणि एक फिर्यादी बसतात, आणि आरोपी तडजोड सुचवत नाही, फक्त बचाव करतो.

'सुरुवात कुणी केली?' हा प्रश्न मुळीच विचारू नका. धाकट्याच्या लेखी सुरुवात फोन ओढल्यापासून झाली, ताईच्या लेखी सात वाजल्यापासून. दोन्ही खरं आहे. विचारलंत की तुम्ही न्यायाधीश झालात, आणि पुढच्या भांडणात मुलं एकमेकांशी बोलणार नाहीत, तुमच्यासमोर पुरावे मांडतील.

इथंच बहुतेक घरांत एक चूक होते: 'भांडलात ना, आता दोघांनाही फोन नाही.' ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्या क्षणी फोन कुणाकडे होता ते पाहा. ज्याच्या हातात फोन नव्हता त्याचं फारसं काही जात नाही, ज्याच्या हातात होता त्याचं सगळं जातं. दोन-तीनदा असं झालं की ज्याचा नंबर नसतो त्या मुलाला कळतं, आपण किंचाळलो तर समोरच्याचाही फोन जातो. तुम्ही शिक्षा दिली असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात भांडण उकरून काढायचं हत्यार एकाच्या हाती दिलेलं असतं. दुसऱ्याच्या वेळेत मुद्दाम खोड्या काढणं वाढलंय असं दिसलं तर हेच घडतंय असं समजा.

मग त्या संध्याकाळचं काय? तात्पुरता निर्णय तुमचा: 'आजच्या दिवशी उरलेला वेळ ताईचा, तुटलेल्या मॅचचं उद्या सकाळी बोलू.' तो पूर्ण न्याय्य नसेल तरी चालेल, मात्र तात्पुरता आहे हे स्पष्ट सांगा. बैठकीची वेळही लगेच सांगा. 'नंतर बघू' याचा अर्थ मुलांच्या भाषेत 'कधीच नाही' असा होतो.

बैठक

रागानं श्वास वर असताना आणि झोपायच्या तोंडावर बैठक घेऊ नका. दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फोन त्या खोलीत नको. मुलांना समोरासमोर बसवू नका. दोघं एका बाजूला आणि मध्ये कोरा कागद, म्हणजे नजर कागदावर राहते.

पालकांनी न्याय देण्याऐवजी मध्यस्थी करायची ही पद्धत तपासून पाहिलेली आहे. ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस या कॅनडातल्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच ते दहा वर्षांची मुलं असलेल्या घरांतल्या पालकांना चार पायऱ्या शिकवल्या: आधी बोलण्याचे नियम, मग वाद नेमका कशाचा आहे ते ठरवणं, मग एकमेकांची बाजू समजून घेणं, आणि शेवटी तोडगे मुलांकडून काढून घेणं. त्या घरांतली मुलं पुढच्या भांडणांत जास्त समंजसपणे बोलू लागली आणि समोरच्याचं म्हणणं त्यांना जास्त नीट कळू लागलं. पायऱ्या साध्या आहेत. अवघड आहे ते चौथ्या पायरीवर आपण गप्प बसणं.

बोलण्याचे नियम दोनच ठेवा: एक बोलताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, आणि 'तू नेहमीच', 'तू कधीच' हे शब्द वापरायचे नाहीत. जास्त नियम केले तर सगळा वेळ ते पाळायला लावण्यात जातो.

आधी धाकट्याला बोलू द्या. ताई आधी बोलली तर तिची मांडणी इतकी सुबक असते की धाकटा फक्त 'नाही, नाही' म्हणत राहतो. त्याचं बोलून झालं की ताईला विचारा, 'तो काय म्हणाला, तुझ्या शब्दांत सांग.' तिनं 'तो म्हणतो मी वाईट आहे' असं सांगितलं तर धाकट्याला विचारा, 'असं म्हणालास का?' तो दुरुस्त करेल. मग तिची पाळी. दुसऱ्याचं म्हणणं मान्य करायचं नाही, फक्त बरोबर सांगायचं आहे, हे आधीच बजावा. नाहीतर मुलांना वाटतं की दुसऱ्याचं म्हणणं सांगितलं म्हणजे आपण हरलो.

आपल्या उदाहरणात बोलणं साधारण असं होईल:

'मॅच मध्ये सोडली की टीममधले मित्र चिडतात. दुसऱ्या दिवशी मला घेत नाहीत.'

'ताई, काय म्हणाला तो?'

'मॅच सोडली की याला मित्र खेळायला घेत नाहीत. पण आई, मग ती सातच्या आत संपवायची ना!'

'ते तुझ्या वेळी सांग. आता तू बोल.'

'मैत्रिणी साडेसातच्या सुमाराला ऑनलाइन येतात, आठला जातात. मला सातलाच फोन हवा असं नाही. पण हा सात म्हणतो आणि सव्वासात करतो. रोज मागावा लागतो. भीक मागितल्यासारखं वाटतं.'

इथं थांबा. कागदावर दोन ओळी लिहा. धाकटा: मॅच अर्धवट तुटू नये. ताई: साडेसातला फोन नक्की हातात असावा आणि तो मागावा लागू नये. जास्त मिनिटं या यादीत कुणीच मागितलेली नाहीत. मग वाद एका प्रश्नात मांडा, ज्यात दोघंही बसतील: 'याची मॅचही तुटणार नाही आणि हिला फोन न मागता वेळेवर मिळेल, असं काय करता येईल?'

तोडगे आणि गणित

आता मुलांना सुचवू द्या आणि सगळं लिहून घ्या, 'नवा फोन घ्या' हेसुद्धा. किमान पाच तोडगे येईपर्यंत एकाही तोडग्यावर मत देऊ नका. आई-बाबांची भुवई वर गेली तरी मुलं सुचवणं थांबवतात. दहा मिनिटांत काहीच आलं नाही तर तुम्ही एखादा सुचवा, पण दोन पर्याय एकत्र द्या, म्हणजे तो हुकूम वाटत नाही.

एकूण किती वेळ फोन मिळणार, हे मात्र या बैठकीत ठरत नाही. ते पालकांनी आधी ठरवायचं असतं. बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा: 'नव्वद मिनिटं हा आकडा बदलणार नाही. त्याच्या आत काय करायचं ते तुम्ही ठरवा.' हे सांगितलं नाही तर दोघं एकजूट करून तुमच्याशीच वाटाघाटी करायला बसतात. तेही गोड असतं म्हणा, पण विषय भरकटतो.

खेळ असेल तर घड्याळाआधी खेळाचं माप घ्यावं लागतं. तीन दिवस धाकट्यानं प्रत्येक मॅच सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ स्वतः लिहायची. समजा नोंदी आल्या 12, 14, 17, 11 आणि 16 मिनिटं. सरासरी चौदा येते, पण सरासरीवर नियम करू नका. सर्वांत लांब मॅच सतरा मिनिटांची आहे, नियम तिच्यावर करायचा.

नव्वद मिनिटांची वाटणी मग अशी होते. साडेसहा ते सात वाजून दहा मिनिटं धाकटा, म्हणजे चाळीस मिनिटं. सात वीस ते आठ ताई, तीही चाळीस. मधली दहा मिनिटं कुणाचीच नाहीत. धाकट्यासाठी एक ओळ: सहा पंचावन्नच्या नंतर नवीन मॅच सुरू करायची नाही. सहा पंचावन्नला सुरू झालेली सर्वांत लांब मॅचसुद्धा सात बारापर्यंत संपते, म्हणजे मधल्या दहा मिनिटांत बसते. सहा पंचावन्न ते सात दहा या वेळात त्यानं मॅच चालू नसेल तर कधीही थांबवता येईल असं काही करायचं, उदाहरणार्थ लहान व्हिडिओ.

मधली दहा मिनिटं फोन चार्जरवर जातो. मॅच लांबली नाही तरीही ती मिनिटं ताईला मिळत नाहीत, धाकट्यालाही नाहीत. हे मुलांना विचित्र वाटतं, पण कारण सांगितलं की पटतं. ती ताईची असती तर ती सात दहापासून त्याच्या डोक्यावर उभी राहिली असती. त्याची असती तर त्यानं ती रोज वापरून संपवली असती. शिवाय आपला नंबर आला आणि बॅटरी संपत आलेली आहे, ही दुसऱ्या मुलाची रास्त तक्रार असते. साडेसहाला फोन भरलेला असणं ही तुमची जबाबदारी. तुमचे आलेले फोनही या मधल्या दहा मिनिटांत उरकता आले तर उत्तम. मुलाच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललात तर तेवढा वेळ त्याला परत द्या.

या घरात दोघांना वेगवेगळी वेळ हवी होती म्हणून आधी कोण हा प्रश्न उरला नाही. दोघांनाही पहिलाच नंबर हवा असेल तर सम तारखा एकाच्या, विषम दुसऱ्याच्या असं लोक ठरवतात. त्यात एक खोच आहे: एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम, आणि बरोबर त्या दिवशी भांडण होतं. त्यापेक्षा 'काल जो दुसरा होता तो आज पहिला' हा नियम ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज नाव लिहा. वेळेचे दोन तुकडे करण्यावरूनच वाद असेल तर एकानं कागदावर रेघ मारायची आणि दुसऱ्यानं आपला तुकडा निवडायचा. रेघ मारणारा आपोआप प्रामाणिक राहतो. रेघ रोज एकानं मारू नये, एवढं पाहा.

अभ्यास या वाटणीच्या बाहेर ठेवा. शाळेच्या ग्रुपवर आलेलं काम साडेसहाच्या आधी, तुमच्या देखत, आणि फोन टेबलावर ठेवून करायचं. 'अभ्यासाचं होतं' या सबबीला मग जागा राहत नाही.

ठरलं ते कागदावर मुलांच्या अक्षरात लिहून घ्या, सहा ओळींपेक्षा जास्त नको. त्यातली एक ओळ नियम मोडल्यावर काय याची हवी: 'सात वीसच्या पुढे गेलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी त्याच्या वेळेतून वजा होतील.' दुप्पट वजाबाकी करू नका. तीन मिनिटांना तीनच. दंड वाढवला की वाद पुन्हा दंडावर सुरू होतो.

फोन देण्याचा क्षण

वेळ मोजणारं घड्याळ फोनच्या बाहेर हवं. फोनमधला गजर ज्याच्या हातात फोन असतो त्याच्याच बोटाखाली असतो आणि तो शांतपणे बंद होतो. स्वयंपाकघरातला वाजणारा टायमर दोघांना दिसेल असा ठेवा. तो धाकट्यानं स्वतः लावायचा. आईनं लावलेल्या टायमरशी भांडता येतं, स्वतः लावलेल्याशी तितकं नाही.

फोन द्यायचा नाही, ठेवायचा. धाकट्यानं तो चार्जरवर ठेवायचा आणि ताईनं तिथून घ्यायचा. हातातून हातात दिला की ओढाओढीला जागा मिळते. शिवाय ताईची मूळ तक्रार मागावं लागण्याची होती, ती इथं संपते.

'दोन मिनिटं राहिली हं' असं ओरडून सांगण्याचा उपयोग पालकांना वाटतो तितका होत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ॲलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी 2016 साली लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला. त्यात अशी दोन मिनिटांची सूचना दिल्यावर स्क्रीन बंद करणं सोपं होण्याऐवजी जास्त कटकटीचं झालेलं दिसलं. भाग संपला, खेळ संपला, अशा नैसर्गिक जागी थांबणं मुलांना सोपं गेलं. ती मुलं पाच वर्षांपर्यंतची होती, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीला ते जसंच्या तसं लावू नका. पण थांबायची जागा जे बघतोय किंवा खेळतोय त्यातच शोधावी, हा धडा मोठ्या मुलांनाही लागू पडतो. त्यासाठी YouTube मधलं Autoplay बंद करा. ते चालू असेल तर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि थांबायला जागाच उरत नाही.

केवळ फोनमधल्या मर्यादांवर विसंबू नका. अँड्रॉइडमधला App timer दिवसभरातला त्या ॲपचा एकूण वापर मोजतो, फोन कुणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. दोघंही तेच ॲप वापरत असतील तर पहिला सगळी मिनिटं संपवतो आणि दुसऱ्याच्या वेळी ॲप बंद. आयफोनवर फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणाऱ्या Guided Access या सोयीत त्या एका सत्रापुरती Time Limit लावता येते, ती या कामाला जास्त बरी. पण तीही मॅच मधोमध तोडते, म्हणून खेळाला न लावता व्हिडिओला लावा.

पहिल्या आठवड्यात काय बिघडतं

ताईच्या वेळेत धाकटा तिच्या खांद्यावरून बघत बसतो. मग ती म्हणते, 'यानं पण बघितलंच ना, याची मिनिटं कापा.' करारात हे आधीच लिहून ठेवा. सोपा नियम: फोन ज्याच्या हातात, वेळ त्याचा. शेजारी बसायला परवानगी लागते, आणि बसणाऱ्यानं काय लावायचं ते सांगायचं नाही. मैत्रिणींशी लिहून बोलणं चालू असताना ताई 'जा' म्हणाली तर त्यानं जायचं. तेराव्या वर्षी ती मागणी योग्य आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी हद्द तपासतंच. सहा अठ्ठावन्नला मॅच सुरू होते. तेव्हा भाषण नको. कागदाकडे बोट दाखवा, मॅच चालू द्या, सात वीसला ती संपली नाही तरी फोन चार्जरवर. तुटली तर ती त्यानं स्वतः घेतलेली जोखीम. पालक इथं विरघळतात, कारण रडणं समोर असतं आणि ताईचा विश्वास डोळ्यांना दिसत नाही. एकदा सूट दिलीत की ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा सातपासून उभी राहते. करार मोडल्याची पहिली खूण तीच आहे: कुणाचं तरी उभं राहणं.

दुसरी खूण उलट दिशेची असते. धाकटा अचानक फार समजूतदार होतो, आपली वेळ ताईला देऊन टाकतो. बदल्यात काय मिळतंय ते विचारा. कधी तो खरंच कंटाळलेला असतो. कधी तिनं काहीतरी कबूल केलेलं असतं, आणि कधी धमकी असते. वेळेची अदलाबदल चालेल, पण ती कॅलेंडरवर लिहून.

सातव्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं बसा. एकच प्रश्न विचारा: 'कोणती ओळ बदलायची?' एका आठवड्यात एकच ओळ बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं. बहुतेक घरांत बदलते ती मॅचची वेळ, कारण नवा खेळ येतो आणि त्याचं माप पुन्हा घ्यावं लागतं. सुट्टीच्या दिवसाचा करार वेगळ्या कागदावर करा. शाळेच्या दिवसाचा कागद ओढूनताणून त्या दिवशी लावला की दोन्ही मोडतात.

मध्यस्थी कुठं लागू नाही

चार वर्षांच्या आतल्या मुलाकडून दुसऱ्याचं म्हणणं सांगून घेण्यात अर्थ नाही. तिथं वाटणी तुम्हीच करा आणि मोठ्या मुलाला लहानग्याच्या नजरेआड फोन द्या.

एक भावंड दुसऱ्याला घाबरत असेल, मार रोजचा झाला असेल, किंवा बैठकीत एकजण बोलण्याआधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तर दोघांना एकत्र बसवून तडजोड मागू नका. घाबरलेलं मूल कशालाही हो म्हणतं. आधी दोघांशी वेगवेगळं बोला, फोनची वेळ काही दिवस स्वतः वाटून द्या, आणि मार थांबत नसेल तर बालमानसतज्ज्ञ किंवा शाळेतल्या समुपदेशकाची मदत घ्या.

भांडताना एकानं दुसऱ्याचे मेसेज वाचले, फोटो पुढे पाठवले किंवा खेळातली प्रगती मुद्दाम पुसली, तर तोही वाटणीचा विषय नाही. मुलांसाठी फोनवर वेगवेगळी खाती करा, शक्य असेल तिथं ॲपला वेगळं कुलूप लावा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ते कसं भरून हवंय ते विचारा. पुसलेल्या खेळासाठी सॉरीपेक्षा मुलं बहुतेकदा एकच गोष्ट मागतात: ती पातळी परत गाठायला आपल्या वाट्याची काही मिनिटं समोरच्यानं द्यावीत. ती किती, ते दोघांना ठरवू द्या.